दुर्बिणीचा खांदा

कोल्हापुरात कुणाच्या हाती दुर्बीण आली की आधी तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. सैनिक टाकळीसारख्या फौजी गावातल्या ट्रंकेतून आजोबांची जोडनळी निघते, दाजीपूरला गवे बघायला जाणारा ऑनलाइन मागवलेली एकनळी दाखवतो, आणि कुणी पितळेची लांब नळी ‘इंग्रजांच्या काळातली’ म्हणून पाठवतो. खाली प्रश्न एकच असतो, ‘ही कसली हो?’ उत्तर द्यायला वस्तू हातात असावी लागत नाही. फोटोत आकार दिसतो, आणि दुर्बिणीचा आकार एका जुन्या अडचणीने घडवला आहे. ती अडचण म्हणजे उलटी दिसणारी प्रतिमा.

ऑक्टोबर १६०८ मध्ये मिडलबर्गच्या हान्स लिपरहे या चष्मेवाल्याने डच सरकारकडे दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. सरकारने तिथल्या तिथे फर्माईश केली, दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करून दे. त्याने ती करूनही दिली. पैसे मिळाले, पेटंट मात्र नाही, कारण ही युक्ती तोवर इतरांनाही ठाऊक झाली होती. म्हणजे जोडनळी ही एकनळीहून जेमतेम काही महिन्यांनी धाकटी.

या पहिल्या पिढीत पुढे फुगीर भिंग आणि डोळ्याशी खोलगट भिंग असे. गॅलिलिओने १६०९ मध्ये आकाशाकडे रोखली तीही अशीच. हिच्यात प्रतिमा सरळ दिसते, पण मोठेपणा वाढवत गेलं की दिसणारा तुकडा आक्रसत जातो. म्हणून नाटकगृहात न्यायच्या आणि जुन्या मैदानी जोडनळ्या तीन ते पाच पटींवरच थांबल्या. फोटोत त्या चटकन कळतात. ठेंगण्या, पुढे रुंद आणि डोळ्याकडे निमुळत्या अशा दोन सरळ नळ्या, मध्ये फिरवायचं चाक. अंगावर बहुधा पॅरिसच्या कारागिराचं नाव असतं, आकडा नसतो. त्यावर आकडा शोधत बसू नये.

१६११ मध्ये केप्लरने दोन्हीकडे फुगीर भिंगं सुचवली. दृश्य ऐसपैस झालं, पण जग उलटं दिसू लागलं. तारे उलटे दिसले म्हणून काही बिघडत नाही, जहाज उलटं दिसून मात्र चालत नाही. मग प्रतिमा पुन्हा पालथी करायला आत आणखी भिंगं बसवली आणि नळी लांबली. लांबलेली नळी खिशात मावावी म्हणून ती एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची केली. ही आपली पितळी दुर्बीण. तिच्यावर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असं कोरलेलं दिसलं, तर फोटो पाठवणाऱ्याला हळूच सांगावं की या दोन घराण्यांची मिळून या नावाची कंपनी झाली ती १९४७ मध्ये. असल्या सरकत्या नळ्या शोभेसाठी आजही ढिगाने बनतात.

पितळी नळीची लांबी घालवली ती लोलकांनी. इटलीच्या इग्नात्सिओ पोरोने १८५४ मध्ये लोलकांच्या जोडीतून प्रकाश वळवून प्रतिमा सुलटी करायची रीत काढली. प्रकाश आतल्या आत दुमडला जातो, म्हणून नळी आखूड होते, आणि तो वळताना बाजूलाही सरकतो. १८९४ मध्ये झाइस कंपनीने याच रीतीची जोडनळी बाजारात आणली. तिची पुढची भिंगं डोळ्यांच्या अंतरापेक्षा लांब लांब असतात, म्हणून मध्ये खांदे उठल्यासारखा आकार येतो. फौजी जोडनळी ओळखायची ती या खांद्यांवरून. पुढे छपरासारख्या कडेचे लोलक आले आणि प्रकाश पुन्हा जवळजवळ सरळ रेषेत निघू लागला. हल्ली पक्षिनिरीक्षकांच्या गळ्यात असते ती दोन सरळ नळ्यांची, रबर चढवलेली दुर्बीण ती हीच. तिची एक नळी वेगळी काढली की झाली एकनळी, वीतभर किंवा त्याहून लहान, न सरकणारी.

आता आकडे. ८×४२ म्हणजे मोठेपणा ८ पट आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मि.मी. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास मिळतो. इथे तो सव्वापाच मि.मी. आहे, दाजीपूरच्या पहाटेच्या अंधुक उजेडालाही पुरेसा. १०×२५ चा ठिपका अडीचच मि.मी., म्हणून तीच पहाट तिच्यातून काळोखी दिसते. कुठे ‘१३१ मी./१००० मी.’ असं लिहिलेलं असतं. विक्रेते हजार मीटरची रेंज म्हणून सांगतात, पण तो पल्ला नव्हे. हजार मीटरवर १३१ मीटर रुंदीचा देखावा मावतो, एवढाच त्याचा अर्थ. कोनात सांगायचं तर साडेसात अंश.

सगळ्यांत जास्त फोटो येतात ते ४०×६० छापलेल्या एकनळीचे. तिची झडती फोटोवरच घेता येते. डोळा टेकवायची रबरी वाटी माणसाच्या डोळ्याच्या मापाची, म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटरची असते, तीच मोजपट्टी धरावी. पुढची काच त्या वाटीएवढीच दिसत असेल तर ती ४० मि.मी.च्या आसपासची आहे, ६० ची नव्हे. मग दुसरा फोटो मागवावा. दुर्बीण उजेडाकडे धरायची आणि डोळ्याच्या बाजूने फूटभर मागून टिपायची. काचेत पांढरा गोल ठिपका दिसतो. छापलेलं खरं असतं तर तो दीड मि.मी.चा, मोहरीएवढा दिसला असता. पण समजा वाटी ४० मि.मी.ची धरली आणि ठिपका तिच्या रुंदीचा दहावा हिस्सा भरला. म्हणजे ठिपका ४ मि.मी.चा, आणि ४० भागिले ४, मोठेपणा १० पट. आत काचेची कड झाकणारी एखादी कडी बसवलेली असेल तर खरा आकडा याहूनही खाली येतो. शिवाय खरोखरची ४० पट असती तर हातात धरून काहीच स्थिर दिसलं नसतं.

छोट्या आकाशदुर्बिणीची भाषा वेगळी. फोटोत तिपाई असते, आणि मागच्या टोकाला बहुधा काटकोनात वळलेली नेत्रिका, कारण वर बघताना मान मोडू नये. प्रतिमा पूर्ण सुलटी करायची फिकीर इथे सहसा कुणी करत नाही. नळीवर मोठेपणा लिहिलेला नसतो. असतं ते ‘डी ६० मि.मी., एफ ७०० मि.मी.’ असं काही, म्हणजे भिंगाचा व्यास आणि त्याचं नाभीय अंतर. मोठेपणा नेत्रिकेनुसार बदलतो. ७०० ला नेत्रिकेवरच्या आकड्याने भागायचं. २० ची नेत्रिका लावली तर ३५ पट, ४ ची लावली तर १७५.

खोक्यावर मात्र ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं असतं. तो हिशेब पोकळ आहे, खोटा नाही. १७५ ला सोबत दिलेल्या तिप्पट भिंगाने गुणलं की ५२५ येतात. पण भिंगाच्या दर मि.मी. व्यासामागे फार तर दुप्पट मोठेपणा निभावतो, म्हणजे ६० मि.मी.ला १२० पट. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण धूसर आणि काळवंडलेलं. पन्हाळ्यावर थंडीच्या स्वच्छ रात्री गुरूचे चार चंद्र बघायला २० च्या नेत्रिकेतले ३५ पट भरपूर झाले. ४ ची नेत्रिका आणि तिप्पट भिंग खोक्यातच राहू द्यावं.