निगेटिव्हवरची दाढी

जुन्या चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, सामाजिक इतिहासावर लिहिताना दोन प्रकारची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवण्याचा मोह होतो. एकीकडे गावातल्या स्टुडिओत काढलेली वकील, मालगुजार, मास्तर यांची चित्रे : गाल स्वच्छ, दाढीची कड आखून दिल्यासारखी. दुसरीकडे लगतच्या मुलखातली संशोधकांची छायाचित्रे : ग्रिगसन यांच्या बस्तरच्या माडियांवरील ग्रंथातली (१९३८), एल्विन यांच्या मुरियांवरील (१९४७) किंवा हायमेनडॉर्फ यांच्या आदिलाबादच्या राजगोंडांवरील (१९४८). तिथल्या पुरुषांच्या चेहऱ्यावर खुंट असले तर ते तसेच दिसतात. यावरून ‘शहरातला माणूस टापटिपीचा, जंगलातला नव्हे’ असे अनुमान सहज निघते. ते काढण्यापूर्वी स्टुडिओच्या मागच्या खोलीत डोकावले पाहिजे.

त्या खोलीत ‘रिटचिंग’ चाले. म्युनिकच्या हान्फश्टेंगल या छायाचित्रकाराने १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात हात फिरवलेली निगेटिव्ह मांडली, तेव्हापासून हे काम धंद्याचा भाग होत गेले. त्याला कारणही होते. जुन्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे वस्तऱ्याने लागलेला लालसर ओरखडा किंवा पुटकुळी चित्रात काळा डाग होऊन उमटे. ताजी दाढी करून आलेला गिऱ्हाईकही चित्रात ओबडधोबड दिसे.

आता धरू या, चार दिवसांची दाढी असलेला एक गृहस्थ आला. मिशी भरदार, पण डाव्या जबड्याखाली दाढी विरळ. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते : काळा खुंट तिथे पारदर्शक ठिपका होतो. म्हणून खुंट काढणे म्हणजे तो ठिपका बुजवणे. कारागीर उतरत्या चौकटीत दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवी आणि खालच्या आरशाने उजेड वर घेई. डामर राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून तिचा पुसट हात देई, म्हणजे गुळगुळीत थरावर शिसे धरते. मग कठीण शिशाची पेन्सिल वाळूकागदावर सुईसारखी करून एकेक ठिपका स्वल्पविरामाएवढ्या रेघांनी भरायचा, तोही शेजारच्या कातडीइतकाच. जास्त भरला तर छापात पांढरा टिपका येतो; सगळा गाल सारखा भरला तर माणूस मेणाचा होतो.

विरळ दाढी भरण्याचे काम याच्या नेमके उलटे, आणि म्हणून अवघड. छापात काळे हवे तर निगेटिव्हवरचा थर कमी करावा लागतो, म्हणजे धारदार पात्याने खरवडावा लागतो. पेन्सिल पुसता येते, खरवडलेले परत येत नाही. पाते जरा खोल गेले की गालावर काळा व्रण. त्यामुळे पुष्कळ जण ही भर छापील कागदावरच घालत : पातळ रंगात बुडवून निथळलेला बारीक ब्रश, केस वाढतात त्या दिशेने एकेक रेघ, आणि कड मुद्दाम तुटक. कड सलग झाली की दाढी चिकटवलेली दिसते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर राळेचा हात चिकट राही आणि ओली जिलेटिन काच कोमट पाण्यात मऊ पडे; अशा दिवसांत पात्याला हात न लावणेच शहाणपणाचे.

संशोधकाला उपयोगी गोष्ट अशी की या दोन्ही कामांच्या खुणा राहतात. निगेटिव्ह खिडकीशी तिरपी धरा : पेन्सिल भरलेली जागा शिशासारखी चमकते, खरवडलेली जागा खोलगट दिसते. चकचकीत छापावर ब्रशचा रंग तिरप्या उजेडात वेगळा पडतो. आणि नुसता छापच हाती असेल तर मानेकडे पाहावे. कारागिराची मेहनत बहुधा गालावर खर्च होई. कॉलरच्या वर आणि कानाखाली खुंट शिल्लक सापडतात. गाल नितळ आणि मान खुंटाळ असेल तर तो गाल पेन्सिलीचा आहे, न्हाव्याचा नव्हे.

ग्रंथांतल्या त्या छायाचित्रांवर हे संस्कार होण्याचे कारणच नव्हते. तिथे चेहरा नोंदीसाठी टिपला होता. ज्याचा चेहरा, तो गिऱ्हाईक नव्हता. दाढी नीट करून द्या, असे सांगण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्याचा. म्हणजे दोन चित्रांतला फरक दोन माणसांच्या राहणीतला असेलच असे नाही. चित्र कोणासाठी काढले, याचाही तो फरक आहे.

पडताळा फक्त निगेटिव्ह देते. जिलेटिन हे बुरशीचे आवडते खाद्य आणि आपल्याकडचा पावसाळा लांब. बंद पडलेल्या स्टुडिओच्या पेट्या कोरड्या जागी, काच उभी आणि मध्ये कागद घालून ठेवल्या नाहीत तर आधी जातो तो हा थर, पेन्सिलीच्या रेघांसकट. संगणकावर हेच काम २००२पासून फोटोशॉपमधले Healing Brush क्षणात करते. तिथे तिरप्या उजेडात पाहण्यासारखे काही उरत नाही. मूळ फाइल वेगळी जपली असेल तरच खरी दाढी सापडते.