घरपोच अन्नसेवेचा उद्योग आणि स्पर्धेच्या पाच शक्ती

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर पोलाद कारखान्यामुळे देशभर परिचित आहे. कारखान्याच्या परिसरातील खुर्सीपार हा भाग कामगार वस्ती म्हणून ओळखला जातो. मोबाईलवरून मागवलेले जेवण पोहोचवणारे दुचाकीस्वार महानगरांप्रमाणेच भिलाईतही दिसू लागले आहेत. त्यामुळे व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्यूहनीती या विषयात हमखास दिला जाणारा एक स्वाध्याय येथे राहूनही करता येतो. 'ऑनलाईन अन्नवितरण उद्योगाच्या रचनेचे पाच स्पर्धात्मक शक्तींच्या आधारे विश्लेषण करा', असा तो प्रश्न असतो.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये हा आराखडा मांडला. उद्योगातील नफा कोणाच्या पदरी पडतो, हे केवळ प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या चढाओढीवरून ठरत नाही, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. प्रस्थापित कंपन्यांमधील चुरस, नव्या कंपन्यांच्या प्रवेशाचा धोका, पर्यायी सेवा, ग्राहकांची सौदाशक्ती आणि पुरवठादारांची सौदाशक्ती अशा पाच दिशांनी नफ्यावर ताण येतो. स्वाध्यायात या पाच मथळ्यांखाली माहिती जमवणे सोपे असते. कोणती शक्ती नफ्यातून किती वाटा काढून घेते, हे दाखवणे मात्र अवघड असते आणि विश्लेषणाची कसोटी तेथेच लागते.

तीनशे रुपयांचा हिशेब

त्यासाठी एका ऑर्डरचा काल्पनिक हिशेब मांडून पाहू. यातील आकडे केवळ समजुतीसाठी असून कर बाजूला ठेवले आहेत. ग्राहकाने ३०० रुपयांचे जेवण मागवले. कंपनीने हॉटेलकडून २० टक्के, म्हणजे ६० रुपये कमिशन घेतले आणि ग्राहकाकडून पोहोचवण्याचे व इतर शुल्क मिळून ३० रुपये घेतले. कंपनीची जमा ९० रुपये झाली. त्यातून जेवण पोहोचवणाऱ्या कामगाराला ४५ रुपये, ग्राहकाला दिलेली सवलत २० रुपये, तर पैसे वळते करणे आणि तक्रार निवारण यांसाठी १२ रुपये खर्च झाले. एकूण खर्च ७७ रुपये. उरले १३ रुपये. कार्यालय, संगणक यंत्रणा आणि जाहिरात यांचा खर्च यातूनच भागवायचा आहे.

पाचही शक्तींचे विश्लेषण म्हणजे या १३ रुपयांवर कोणाकोणाचा डोळा आहे, याचा शोध होय.

सीमा आधी ठरवावी

शोध सुरू करण्यापूर्वी उद्योगाची सीमा आखावी लागते. 'भारतातील ऑनलाईन अन्नवितरण' असे शीर्षक देऊन विद्यार्थी लगेच लिहू लागतात. परंतु गरम जेवण काही किलोमीटरच्या पलीकडे पाठवता येत नाही. खुर्सीपारमधील ग्राहकाला रायपूरमधील हॉटेलांचा उपयोग नाही. भांडवल, तंत्रज्ञान आणि नाममुद्रा यांची स्पर्धा देशपातळीवर होते. ग्राहक, हॉटेल आणि कामगार यांची जुळणी मात्र वस्तीच्या पातळीवर होते. म्हणून प्रत्येक शक्तीबाबत आपण देशाविषयी बोलत आहोत की वस्तीविषयी, हे स्पष्ट लिहिणे आवश्यक ठरते. अन्यथा बंगळूरुची आकडेवारी देऊन भिलाईचा निष्कर्ष काढला जातो.

प्रवेश सोपा, टिकाव कठीण

नवागतांच्या धोक्याबाबत अनेक स्वाध्यायांत 'ॲप बनवणे सोपे असल्याने धोका मोठा' असे एका वाक्यात लिहिलेले आढळते. या क्षेत्राचा इतिहास वेगळे सांगतो. मुंबईत सुरू झालेल्या टायनीआऊल या कंपनीला गुंतवणूकदारांचे पाठबळ मिळाले होते. तरीही २०१५ च्या अखेरीस तिला पुण्यासह काही शहरांतील कार्यालये बंद करावी लागली. २०१६ मध्ये ती रोडरनर या कंपनीत विलीन झाली. त्यातून उभी राहिलेली रनर ही कंपनी २०१७ मध्ये झोमॅटोने घेतली. उबर ईट्स २०१७ मध्ये भारतात आली आणि जानेवारी २०२० मध्ये आपला येथील व्यवसाय झोमॅटोला देऊन बाहेर पडली. ॲमेझॉनने २०२० मध्ये बंगळूरुत सुरू केलेली अन्नसेवा २०२२ च्या अखेरीस बंद केली. भांडवलाची चणचण नसलेल्या कंपन्याही टिकल्या नाहीत, ही बाब लक्षणीय आहे.

याचे कारण ऑर्डरींच्या घनतेत आहे. एखाद्या वस्तीत तासाला पुरेशा ऑर्डरी असतील, तर एक कामगार तासाभरात तीन फेऱ्या करू शकतो आणि फेरीमागे ४५ रुपये त्याला परवडतात. ऑर्डरी विरळ असतील तर त्याचा वेळ वाट पाहण्यात जातो. त्याला टिकवून ठेवण्यासाठी फेरीमागे ६० रुपये द्यावे लागले, तर आपल्या हिशेबातील १३ रुपयांच्या नफ्याचा २ रुपयांचा तोटा होतो. नवी कंपनी नेमकी याच विरळ अवस्थेतून सुरुवात करते. ॲप तयार करण्याची किंमत हा खरा अडसर नसून घनता येईपर्यंत सोसावा लागणारा तोटा हा अडसर आहे.

हॉटेल ग्राहक की पुरवठादार?

या स्वाध्यायात सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नावर होतो. हॉटेल अन्न पुरवते म्हणून ते पुरवठादार आहे. त्याच वेळी ते कंपनीला कमिशन देऊन ऑर्डरी मिळवते, म्हणून ते ग्राहकही आहे. दोन बाजूंना जोडणाऱ्या व्यवसायात असे घडणे स्वाभाविक आहे. त्याला कोणत्या मथळ्याखाली घालावे यावर वाद घालण्यापेक्षा 'हे हॉटेल उद्या ॲप सोडून गेले तर कोणाचे अधिक नुकसान होईल?' असा प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते.

लहान हॉटेल एकटे बाहेर पडले तर ग्राहक यादीतील दुसरे हॉटेल निवडतो, आणि नुकसान हॉटेलचेच होते. अनेक शहरांत शाखा असलेली प्रसिद्ध साखळी बाहेर पडली तर तिचे ग्राहकही तिच्यामागे जातात. अशी साखळी कमिशन १२ टक्क्यांवर आणू शकते. मग ६० ऐवजी ३६ रुपये मिळतात आणि १३ रुपयांच्या नफ्याचे रूपांतर ११ रुपयांच्या तोट्यात होते. 'पुरवठादारांची शक्ती मध्यम' असे सरसकट लिहिल्यास हा भेद झाकला जातो.

विखुरलेले पुरवठादार एकत्र आले तर चित्र बदलते. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील अनेक हॉटेलांनी, बसून जेवणाऱ्यांना सवलत देणाऱ्या योजनांतून एकत्रितपणे बाहेर पडण्याची मोहीम राबवली होती. पुढे २०२१ मध्ये हॉटेल चालकांच्या राष्ट्रीय संघटनेने झोमॅटो व स्विगी यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचे आदेश दिले.

कामगारांची बाजू

जेवण पोहोचवणारे कामगारही पुरवठादारच आहेत, कारण ते आपले श्रम पुरवतात. स्वाध्यायात त्यांचा उल्लेख अनेकदा राहून जातो, जरी आपल्या हिशेबातील सर्वांत मोठा खर्च त्यांच्याच नावे असला तरी. एकेकट्या कामगाराची सौदाशक्ती क्षीण असते. इंधन आणि दुचाकीचा खर्च त्याचा स्वतःचा असतो आणि दर कंपनी ठरवते. खुर्सीपारसारख्या औद्योगिक वस्तीत मात्र एक स्थानिक प्रश्न विचारावा लागतो : या तरुणाला दुसरे कोणते काम उपलब्ध आहे? कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे काम मिळत असेल तर कंपनीला दर वाढवावा लागेल, मिळत नसेल तर दर खाली राहील.

कायद्याचा परिणामही येथेच दिसतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी आणि ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावी, अशी तरतूद तीत आहे. उलाढाल ९० रुपये धरल्यास ही रक्कम एका ऑर्डरमागे ९० पैसे ते १ रुपया ८० पैसे येते. पोर्टर यांच्या मते सरकार ही सहावी शक्ती नव्हे. सरकारी निर्णय पाचांपैकी कोणत्या शक्तीमार्फत नफ्यावर परिणाम करतो, हे दाखवावे लागते.

डबा, खाणावळ आणि घरचा स्वयंपाक

पर्यायी सेवा म्हणजे दुसरे ॲप नव्हे. दुसरे ॲप हा प्रतिस्पर्धी होय. तीच भूक वेगळ्या मार्गाने भागवणारी सोय म्हणजे पर्याय. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली डबेवाल्यांची सेवा हे त्याचे परिचित उदाहरण आहे. खुर्सीपारमध्ये घरचा स्वयंपाक, खाणावळीचा डबा, नाक्यावर जाऊन स्वतः आणलेले पार्सल आणि हॉटेलला थेट केलेला फोन हे पर्याय ठरतात. अंतर कमी असल्यास पार्सल आणण्यास दहा मिनिटे लागतात आणि ३० रुपये वाचतात. महानगरात रहदारीमुळे हाच पर्याय दुबळा होतो. म्हणून ही शक्ती लहान शहरात अधिक प्रबळ असण्याचा संभव आहे.

दोनच कंपन्या, तरीही नफा उशिरा

देशपातळीवर आज या व्यवसायात झोमॅटो आणि स्विगी याच दोन प्रमुख कंपन्या आहेत. स्पर्धक कमी म्हणजे चुरस कमी, हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरतो. २००८ मध्ये स्थापन झालेल्या झोमॅटोने पहिला एकत्रित तिमाही नफा एप्रिल ते जून २०२३ या काळात नोंदवला. ग्राहकाच्या मोबाईलवर दोन्ही ॲप असतात आणि एकावरून दुसऱ्याकडे वळण्यास त्याला काहीही खर्च येत नाही. त्याने आणखी १५ रुपयांची सवलत मिळवली की आपले १३ रुपये संपतात. येथे ग्राहकाची शक्ती आणि कंपन्यांमधील चुरस एकमेकींना बळ देतात.

स्पर्धक बाहेर पडत गेले तसा हा ताण सैल झाला. २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी प्रत्येक ऑर्डरवर दोन रुपयांचे वेगळे शुल्क सुरू केले आणि पुढे ते वाढवत नेले. एकाने दर वाढवल्यावर दुसऱ्याने ग्राहक ओढण्यासाठी तो कमी केला नाही. चुरस मवाळ झाल्याचे हे लक्षण कंपन्यांच्या संख्येपेक्षा अधिक बोलके आहे.

खुर्सीपारपुरता निष्कर्ष काढायचा झाल्यास, नवागतांचा धोका कमी, पर्यायांचा ताण अधिक, लहान हॉटेल व कामगार यांची सौदाशक्ती क्षीण आणि ग्राहकाची शक्ती मोठी, असे चित्र संभवते. ते बरोबर आहे की नाही हे वस्तीतच तपासता येते. हॉटेलच्या गल्ल्यावरील भाव आणि ॲपवरील भाव यांतील फरक पाहावा. कमिशनचा भार हॉटेलने ग्राहकाकडे ढकलला की स्वतः सोसला, हे त्यातून कळते. कामगार सायंकाळी दोन ऑर्डरींमध्ये किती वेळ थांबतो, याची नोंद घ्यावी. तीवरून ऑर्डरींची घनता समजते. या दोन नोंदी स्वाध्यायात असतील, तर 'अधिक', 'मध्यम' व 'कमी' या शब्दांना आधार मिळतो.