वायर क्रमांकन आणि वायरिंग ड्रॉइंग (स्वयंचलित यंत्रांचे)

स्वयंचलित यंत्राच्या पॅनेलमधील प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना क्रमांक देणे आणि तोच क्रमांक ड्रॉइंगवर दाखवणे, ही पद्धत. यंत्र बांधणारा निघून गेल्यावर, कधी कधी तो धंदाच सोडून गेल्यावर, जो इलेक्ट्रिशियन बिघाड शोधायला येईल त्याला वायरीवरून ड्रॉइंगवर आणि ड्रॉइंगवरून वायरीपर्यंत जाता यावे, हा तिचा हेतू. दोन्हींपैकी एकच असेल तर फारसा उपयोग होत नाही. क्रमांक आहेत पण ड्रॉइंग नाही, अशा पॅनेलमध्ये ते नुसते आकडे उरतात.

कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव पुणे–नाशिक महामार्गावर मोशी आणि चाकण यांच्या दरम्यान आहे. चिंबळी, मोई, निघोजे ही शेजारची गावे. चाकण परिसरातील मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या इथल्या छोट्या शेडमध्ये ड्रिलिंग, प्रेसिंग, लीक टेस्टिंग अशा एकेका कामासाठी मुद्दाम बांधून घेतलेली यंत्रे असतात. त्यांना सर्रास ‘एसपीएम’ म्हणतात. अशा यंत्राचा नमुना बहुधा एकच असतो. बाजारात त्याचे पुस्तक मिळत नाही आणि दुसऱ्या शेडमधला इलेक्ट्रिशियन ते ओळखत नाही. म्हणून पॅनेलच्या दाराआतल्या खिशातले ड्रॉइंग हाच त्याचा एकमेव दस्तऐवज ठरतो.

क्रमांक कशाला द्यायचा. क्रमांक वायरीच्या तुकड्याला नसून विद्युतदृष्ट्या एक असलेल्या जोडणीला असतो. नुसते टर्मिनल मध्ये आले तर क्रमांक बदलत नाही. फ्यूज, एमसीबी, रिलेचा संपर्क, बटण किंवा कॉइल मध्ये आली की पलीकडच्या वायरीला नवा क्रमांक मिळतो. यामुळे एकाच क्रमांकाच्या दोन ठिकाणी वेगवेगळा व्होल्टेज दिसला, तर मधली वायर तुटलेली किंवा टर्मिनल सैल आहे, हे निदान मीटर लावताच होते.

क्रमांक देण्याची सोपी रीत म्हणजे ड्रॉइंगचे पान आणि त्यावरील ओळ एकत्र करणे. 1407 ही वायर चौदाव्या पानावर सातव्या ओळीत सापडते. पॅनेल उघडणाऱ्याला अनुक्रमणिका लागत नाही. पुढे यंत्रात भर पडली तर जुने क्रमांक सरकवायचे नाहीत. नव्या वायरीला 1407A असे नाव द्यावे, किंवा पानावर आधीच रिकाम्या ठेवलेल्या ओळी वापराव्यात. मोठ्या स्विचगिअर पॅनेलमध्ये ‘क्रॉस फेरूल’ची पद्धत रूढ आहे. तीत वायरीच्या टोकावर या टोकाचा आणि पलीकडच्या टोकाचा, असे दोन्ही पत्ते छापतात. निसटलेली वायर परत लावायला ती उत्तम, पण टर्मिनल बदलले की दोन्ही टोकांची फेरूले खोटी ठरतात. वरचेवर फेरफार होणाऱ्या एसपीएमला पानाचा क्रमांकच बरा.

एका सेन्सरचा मार्ग. समजा, यंत्राचा क्लॅम्प पुढे आला की B6 हा सेन्सर पीएलसीला संदेश देतो. सेन्सर तीन वायरींचा, पीएनपी जातीचा आहे. रूढ रंगांप्रमाणे तपकिरी वायर +२४ व्होल्ट, निळी ० व्होल्ट आणि काळी संदेशाची. काळ्या वायरीचा पॅनेलपर्यंतचा मार्ग ड्रॉइंगवर असा दिसेल :

```
B6 (पिन 4) -> X21:4 -> केबल W12, कोअर 4 -> X3:12 -> I0.6
वायर क्रमांक सर्वत्र : 1407
```

X21 ही यंत्रावरच्या जंक्शन बॉक्समधली टर्मिनल पट्टी, X3 पॅनेलमधली, आणि I0.6 हा पीएलसीच्या स्क्रीनवर दिसणारा इनपुटचा पत्ता. आता क्लॅम्प पुढे येतो, पण यंत्र तिथेच थांबते. सेन्सरवरचा दिवा लागलेला आहे, पीएलसीवरचा I0.6 चा दिवा मात्र विझलेला. इलेक्ट्रिशियन आधी पॅनेलमध्ये X3:12 वर मीटर लावतो, तिथे शून्य. मग जंक्शन बॉक्समध्ये X21:4 वर लावतो, तिथे २४ व्होल्ट. दोन्हीकडे 1407 लिहिलेले आहे, म्हणजे दोष W12 च्या चौथ्या कोअरमध्ये किंवा तिच्या दोन टोकांच्या जोडणीत आहे. टोके घट्ट असतील तर पुढे-मागे सरकणाऱ्या केबल चेनमध्ये वाकून वाकून कोअर तुटली असणार. ड्रॉइंगमध्ये W12 च्या सातव्या कोअरपुढे ‘स्पेअर’ लिहिलेले असेल, तर दोन्ही टोके त्या कोअरवर घेऊन यंत्र चालू करता येते. नवी केबल सवडीने ओढता येते. ड्रॉइंग नसते तर त्याने आधी सेन्सर बदलून पाहिला असता, मग कदाचित पीएलसीचे कार्डही.

शेवटचे काम मात्र बहुतेक वेळा राहून जाते. सातव्या कोअरवर 1407 ची फेरूले चढवायची, चौथीच्या दोन्ही टोकांना ‘तुटलेली’ अशी खूण करायची आणि ड्रॉइंगवर लाल पेनाने बदल, तारीख आणि सही टाकायची. हे केले नाही, तर पुढचा इलेक्ट्रिशियन पान पाहून चौथीच कोअर धरून बसतो. यंत्र आले त्या दिवशी ड्रॉइंग सहसा बरोबर असते. ते खोटे पडायला सुरुवात होते पहिल्या ब्रेकडाउनच्या रात्री.

फेरूल. टोकावर चढवायची पिवळी पीव्हीसी नळी छपाई यंत्रावर छापून घेतात. नळीचे माप वायरीच्या मापाचे हवे. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीसाठीची नळी अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीवर चढवली तर ती फिरते, घसरते आणि लग बदलताना खाली पडते. वाचण्याची दिशा संपूर्ण पॅनेलमध्ये एकच ठेवावी. 1606 उलटे धरले की 9091 दिसते, म्हणून ६ आणि ९ यांच्याखाली रेघ छापण्याची सोय वापरावी. मास्किंग टेपवर पेनाने लिहिलेला क्रमांक तेल आणि कूलंटपुढे टिकत नाही. यंत्राच्या अंगावरच्या केबलींना ग्लँडच्या बाहेर, दोन्ही टोकांना, केबल टायने बांधलेला कोरीव टॅग हवा, कारण आतली फेरूले झाकण उघडल्याशिवाय दिसत नाहीत.

रंगांचा घोळ. यंत्रांच्या विद्युत साहित्यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०२०४-१ रंगांची शिफारस करते : शक्तिमंडलाला काळा, एसी नियंत्रणाला लाल, डीसी नियंत्रणाला निळा, न्यूट्रलला फिका निळा, अर्थिंगला हिरवा-पिवळा. आपल्याकडील रूढ वायरिंगमध्ये तीन फेज लाल, पिवळी, निळी आणि न्यूट्रल काळी. घरांची आणि शेडची वायरिंग करून आलेला वायरमन त्या मानकाप्रमाणे बांधलेल्या पॅनेलमधली काळी वायर न्यूट्रल समजला, तर त्याचा हात थेट ४१५ व्होल्टच्या फेजवर जाईल. म्हणून ड्रॉइंगच्या पहिल्याच पानावर रंगांचा तक्ता हवा, आणि त्याची प्रत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली हवी.

याच मानकातला नारिंगी रंग सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित. मुख्य स्विच बंद केल्यावरही ज्या वायरींत वीज राहते, त्यांच्यासाठी तो आहे. शेजारच्या यंत्राच्या पॅनेलमधून आलेला इंटरलॉक किंवा पॅनेलमधल्या दिव्याचा स्वतंत्र पुरवठा ही त्याची नेहमीची उदाहरणे. कन्व्हेयरने जोडलेल्या दोन यंत्रांत पहिल्याचा स्विच पाडला, तरी दुसऱ्याकडून आलेले २३० व्होल्ट पहिल्याच्या टर्मिनलवर उभे असतात. ती टर्मिनले वेगळ्या पट्टीवर, झाकणाखाली घ्यावीत. ‘बाहेरचा पुरवठा’ आणि तो कोणत्या पॅनेलमधून येतो, हे तिथेच लिहावे. केवळ रंगावर मात्र विसंबू नये. मीटरने तपासल्याशिवाय वायर मेलेली मानायची नाही.

ड्रॉइंगची पाने. मुख्य सर्किट, नियंत्रण सर्किट, पीएलसीचे इनपुट-आउटपुट, पॅनेलची मांडणी आणि टर्मिनल यादी एवढी पाने हवीतच. कॉन्टॅक्टरची कॉइल एका पानावर आणि त्याचे संपर्क दुसऱ्याच पानांवर असतात. म्हणून कॉइलखाली संपर्कांची पाने आणि ओळी लिहिलेल्या असाव्यात. बांधणारे सर्किटच्या पानांवर मेहनत घेतात, पण देखभाल करणाऱ्याच्या हातात सर्वाधिक वेळ असते ती टर्मिनल यादी, आणि नेमकी तीच अपुरी सापडते. स्पेअर कोअर तर तीत जवळपास कधीच नसतात.

तपासणी. एकाने ड्रॉइंग वाचायचे, दुसऱ्याने मीटरच्या बझरवर कंटिन्युइटी घ्यायची आणि वायर हलकेच ओढून पाहायची. तपासलेल्या रेघेवर पिवळा हायलायटर फिरवायचा. वीज दिल्यावर प्रत्येक सेन्सर हाताने चालवून पीएलसीवर तोच दिवा लागतो का, हे पाहायचे. यात सापडलेले फरक उतरवल्यावरच ड्रॉइंग ‘अ‍ॅज-बिल्ट’ होते. ऑर्डरमध्ये पीडीएफबरोबर ड्रॉइंगची मूळ फाइल आणि शेऱ्यांसह पीएलसी प्रोग्रॅम मागून घ्यावा. नुसती पीडीएफ मिळालेला कारखाना स्वतःच्याच यंत्रात केलेला बदल ड्रॉइंगमध्ये नीट उतरवू शकत नाही. प्रोग्रॅममधली नावेही ड्रॉइंगशी जुळली पाहिजेत. I0.6 ला ड्रॉइंगमध्ये ‘क्लॅम्प पुढे’ आणि प्रोग्रॅममध्ये ‘सेन्सर ६’ म्हटले, की इलेक्ट्रिशियन आणि प्रोग्रॅमर फोनवर वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलू लागतात.

ड्रॉइंग नसलेले जुने यंत्र. सेकंडहँड घेतलेल्या यंत्राचे ड्रॉइंग मागाहून तयार करता येते, पण ते एका सुट्टीत होत नाही. आधी दार उघडून सगळ्या बाजूंनी फोटो घ्यावेत, मग वायरी न सोडता टर्मिनलांना क्रमांक द्यावेत. इमर्जन्सी स्टॉपचे सर्किट सर्वांत आधी काढावे, कारण कोणीतरी बायपास मारलेला असेल तर तो तिथेच सापडतो. नंतर २४ व्होल्टचे वाटप, नंतर सेन्सर एकेक चालवून इनपुटची यादी, शेवटी आउटपुट. आउटपुट तपासताना यंत्र अचानक हलते, त्यामुळे हवेचा दाब बंद करून ठेवावा. काही वायरींचे दुसरे टोक सापडतच नाही. अशी वायर कापायची नाही. तिचे उघडे टोक बंद टर्मिनलमध्ये घ्यावे, तिला ‘अज्ञात’चा टॅग लावावा, ड्रॉइंगवर तिची नोंद करावी आणि टोक सापडेपर्यंत ती जिवंत समजावी.