ॲलीनचा मधला कार्बन

आज आपण ॲलीन घेऊ: H₂C=C=CH₂. दुहेरी बंध दिसला की आपण पटकन sp² म्हणतो, आणि इथे फसतो. मोजायचे असतात ते त्या अणूचे सिग्मा बंध आणि बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्या. मधल्या कार्बनला सिग्मा दोनच, मोकळी जोडी नाही. म्हणून तो sp. टोकाच्या कार्बनांना तीन-तीन, म्हणून ते sp². एकूण सिग्मा ६, पाय २. मधल्याच्या उरलेल्या दोन p कक्षिका एकमेकींना काटकोनात, म्हणून दोन्ही टोकंही एकमेकांना काटकोनात.

गंमत बघा, हा काटकोन व्हान्ट हॉफ यांनी १८७५ मध्येच, इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याआधी, चतुष्फलकं कडेला कड जोडून ओळखला होता. पॉलिंग यांचं संकरण आलं १९३१ मध्ये. म्हणजे आकार आधी कळला. संकरणानं आपल्याला त्याचं कारण दिलं.