मोटार अपघात दावा (मृताच्या वारसांचा)

रस्ते अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या कायदेशीर वारसांनी मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 166 अन्वये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे केलेला भरपाईचा अर्ज म्हणजे वारसांचा मोटार अपघात दावा होय. हा अर्ज अपघातस्थळाच्या, अर्जदाराच्या राहत्या ठिकाणाच्या किंवा प्रतिवादीच्या वास्तव्याच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो.

1994 च्या दुरुस्तीने अशा अर्जाची मुदत काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करणे बंधनकारक झाले. कालगणना मृत्यूपासून नव्हे, तर अपघातापासून होत असल्याने जखमी व्यक्ती चार महिने रुग्णालयात राहून दगावल्यास वारसांच्या हाती जेमतेम दोन महिने उरतात, ही तरतुदीतील कठोर बाब आहे. या तरतुदीला आव्हान दिले गेले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. तरीही अंतरिम आदेशावर विसंबून विलंब करणे धोक्याचे आहे.

अपघाताची बाजू प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल यांवरून, तर वाहनाची बाजू नोंदणी प्रमाणपत्र, चालकाचा परवाना व विमा पॉलिसी यांवरून मांडली जाते. प्रत्यक्षात दावा बहुधा अडखळतो तो वय आणि उत्पन्न यांच्या पुराव्यापाशी. आधारपत्र वयाचा निर्णायक पुरावा नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले असून, त्या प्रकरणात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख ग्राह्य धरली.

वयाला एवढे महत्त्व का, हे हिशेबावरून कळते. समजा, महिना 15,000 रुपये कमावणारा 38 वर्षांचा स्वयंरोजगारी गवंडी मृत्यू पावला आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई असे चार अवलंबित आहेत. भावी उत्पन्नवाढीपोटी 40 टक्के मिळवल्यावर 21,000 रुपये होतात. मृताचा स्वतःचा खर्च म्हणून त्यातील चतुर्थांश वजा करता महिना 15,750, म्हणजे वर्षाला 1,89,000 रुपये उरतात आणि 36 ते 40 या वयोगटाचा 15 हा गुणक लावता 28,35,000 रुपये येतात, ज्यात सहवासाची हानी, अंत्यविधी व मालमत्तेची हानी यांच्या ठराविक रकमा मिळवल्या जातात. तोच गवंडी 41 वर्षांचा ठरला, तर गुणक 14 होतो, शिवाय भावी वाढही 25 टक्क्यांवर येते.

विमा कंपनीने कलम 164 खाली, म्हणजे चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या 5 लाख रुपयांच्या भरपाईचा प्रस्ताव दिल्यास तो स्वीकारण्यापूर्वी वारसांनी वरील हिशेब अवश्य मांडावा, कारण ती रक्कम स्वीकारताच कलम 166 खालील दावा संपुष्टात येतो. निवाड्यातील रक्कम 30 दिवसांत जमा करावी लागते. निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत 90 दिवसांची आहे.