अक्षय वर्षासनाचे मोल

१५ मे १६४८ या दिवशी हॉलंडातील लेक नदीचे बांध सांभाळणाऱ्या लेकडाइक बोवेनडाम्स या मंडळाने चर्मपत्रावर एक कर्जरोखा लिहून दिला. एक हजार गिल्डर मिळाले, त्याबद्दल शेकडा पाच दराने, म्हणजे वर्षाला पन्नास गिल्डर व्याज द्यावयाचे, असा तो करार होता. मुद्दल परत करण्याची मुदत त्यात नव्हती. रोखा ज्याच्या हाती असेल त्याला हे वर्षासन निरंतर मिळावयाचे होते. पुढे व्याजाचा दर उतरवून अखेर अडीच टक्क्यांवर आणला गेला; परंतु वर्षासन थांबले नाही. २००३ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाने तो रोखा आपल्या संग्रहासाठी विकत घेतला आणि २०१५ मध्ये बारा वर्षांचे थकलेले व्याज, १३६ युरो २० सेंट, वसूलही केले.

येथे एक शंका सहज उद्भवते. ज्या देण्याला अंत नाही त्याची बेरीजही अनंत व्हावयास हवी. मग असा रोखा केवळ एक हजार गिल्डरांना का विकला जावा?

या शंकेचे उत्तर उद्याचा पैसा आणि आजचा पैसा यांतील भेदात आहे. शेकडा पाचाने व्याज मिळत असेल, तर वर्षाने मिळणाऱ्या पन्नास गिल्डरांसाठी आज ४७.६२ गिल्डर बाजूस ठेवले म्हणजे पुरे. दोन वर्षांनी मिळणाऱ्या पन्नासांसाठी ४५.३५ पुरतात. पन्नासाव्या वर्षीच्या हप्त्याचे आजचे मोल अवघे ४.३६ गिल्डर, तर शंभराव्या वर्षीच्या हप्त्याचे एका गिल्डरच्या दोनपंचमांशाहूनही कमी. हप्ता तोच राहतो. त्याची आजची किंमत मात्र दरवर्षी त्याच प्रमाणात घटत जाते. पहिल्या वीस हप्त्यांची आजची किंमत ६२३ गिल्डर भरते, पहिल्या शंभरांची ९९२. त्यानंतरच्या साऱ्या अनंत काळाच्या वाट्याला जेमतेम आठ गिल्डर उरतात. बेरीज हजाराच्या जवळ जवळ जात राहते, हजार ओलांडीत नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहता येते. हजार गिल्डर शेकडा पाचाने गुंतविले आणि दरसाल केवळ व्याजच उचलले, तर मुद्दलाला धक्का न लागता पन्नास गिल्डर निरंतर मिळत राहतील. जे हजारांतून निर्माण करता येते, त्याला हजारांहून अधिक कोण देईल? म्हणून वार्षिक हप्त्याला व्याजदराने भागले की किंमत निघते. पाच टक्के दराने ती वीस वर्षांच्या उत्पन्नाइतकी येते. जमिनीची किंमत 'इतक्या वर्षांचे उत्पन्न' अशा भाषेत सांगण्याची जुनी युरोपीय रीत याच हिशेबावर उभी होती. सायमन स्टेव्हिन याने १५८२ मध्येच व्याजाची कोष्टके छापून हे गणित सर्वांना खुले केले होते.

परंतु या गणिताचा सारा भार व्याजदरावर आहे. दर अडीच टक्के झाला तर त्याच पन्नास गिल्डरांचे मोल दोन हजार होते. दहा टक्के झाला तर पाचशेच. दर शून्यावर आला तर दूरचा हप्ता जवळच्या हप्त्याइतकाच मोलाचा ठरतो, आणि मग बेरीज खरोखरच अनंत होते. इंग्लंडच्या 'कन्सोल' रोख्यांनी हे चढउतार दाखविले. १७५१-५२ मध्ये अनेक कर्जे एकत्र करून हे तीन टक्क्यांचे बेमुदत रोखे निघाले. फ्रान्सशी युद्ध चालू असता अठराव्या शतकाच्या अखेरीस शंभर पौंडांचा रोखा पन्नासाच्याही खाली घसरला. म्हणजे खरेदीदार सहा टक्क्यांहून अधिक मागत होते. सरकारने वचन मोडले नव्हते. केवळ दर बदलला होता.

शिवाय 'निरंतर' या शब्दालाही मर्यादा होती. धनको मुद्दल मागू शकत नसला, तरी सरकार ते फेडून मोकळे होऊ शकत असे. १८८८ मध्ये अर्थमंत्री गोशेन यांनी याच अधिकाराच्या बळावर तीन टक्क्यांचे रोखे कमी व्याजाच्या रोख्यांत बदलून घेतले. दर उतरले की किंमत वाढते खरी, पण नेमक्या त्याच वेळी फेड होण्याचा संभव असल्याने ती शंभराच्या फार वर चढू शकत नाही. जुलै २०१५ मध्ये ब्रिटनने आपले उरलेसुरले बेमुदत रोखे फेडून टाकले.

लेक नदीचा रोखा मात्र जिवंत राहिला. त्याचे वार्षिक व्याज ११ युरो ३५ सेंट. तीन टक्के दराने त्याचे मोल ३७८ युरो होते. येलने त्यासाठी सुमारे २४ हजार युरो मोजले. ही जास्तीची किंमत जुन्या चर्मपत्राची होती, वर्षासनाची नव्हे.