अकरावीचे विषय निवडताना : कोणता विषय सोडला की कोणते दार बंद होते?

आखातातील भारतीय शाळांत अकरावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात आणि सीबीएसईचा दहावीचा निकाल त्यानंतर लागतो. म्हणजे विषयांचा फॉर्म निकाल हातात नसतानाच भरावा लागतो. मंडळाकडे पालकांचे जे प्रश्न येतात त्यांतले बहुतेक या दिवसांतले असतात, आणि काही दोन वर्षांनी येतात, जेव्हा करण्यासारखे फार उरलेले नसते. म्हणून हा लेख. तो भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी किंवा आर्किटेक्चरला मुलांना पाठवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. कायदा, सी.ए. किंवा हॉटेल मॅनेजमेंटचा विचार पक्का असेल तर विषयगटाची एवढी चिंता करण्याचे कारण नाही.

सुरुवातीला एक फरक लक्षात घ्यावा. प्रवेश परीक्षेला बसता येणे ही एक गोष्ट आणि प्रवेशाला पात्र असणे ही दुसरी. परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरताना बारावीचे विषय सहसा कोणी बारकाईने तपासत नाही. तपासणी होते ती रँक लागून जागा मिळाल्यावर, कागदपत्रे दाखवताना. त्या टेबलावर गुणपत्रिकेतील विषयांची नावे एकेक करून पाहिली जातात, आणि हवा तो विषय नसेल तर उत्तम रँकचाही उपयोग होत नाही.

तीन विषय, तीन दारे

सर्वांत जास्त दारे फिजिक्सवर अवलंबून आहेत. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, फार्मसी, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर या सगळ्यांच्या पात्रतेत फिजिक्स आहे. "मुलाला फिजिक्स जड जाते, पण डॉक्टर व्हायचे आहे" हे वाक्य आम्ही बरेचदा ऐकतो. भारतातल्या नियमांप्रमाणे या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

गणित हे इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरचे दार. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाच्या नियमात इंजिनिअरिंगसाठी फिजिक्स आणि गणित सक्तीचे आहेत. तिसऱ्या विषयाला मात्र मोकळीक आहे : केमिस्ट्री, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स अशा यादीतला कोणताही एक चालतो. आयआयटीसाठी ही मोकळीक नाही, तिथे केमिस्ट्रीही हवीच. इथे बायोटेक्नॉलॉजीच्या नावाने अनेकांची फसगत होते. नाव जीवशास्त्राचे असल्यामुळे मुले गणित सोडतात. पण चार वर्षांचे बी.टेक. बायोटेक्नॉलॉजी हे इंजिनिअरिंगच आहे आणि त्याला सहसा गणित लागते. गणित नसलेल्यांना बी.एस्सी.चा मार्ग उरतो. तो वाईट नाही, पण वेगळा आहे.

बायोलॉजी हे मेडिकलचे दार. नीटसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हवे. गणिताचा तिथे संबंध नाही. बी.फार्म. मध्यम मार्गावर आहे : फिजिक्स आणि केमिस्ट्रीबरोबर गणित किंवा बायोलॉजी, दोन्हींपैकी काहीही चालते. निर्णय होत नसलेल्या मुलाला पालक म्हणून ही गोष्ट जरूर सांगावी.

गणित नावाचे दोन विषय

सीबीएसईत आता गणिताचे दोन विषय आहेत. एक नेहमीचे गणित, त्याचा कोड 041. दुसरे अप्लाइड मॅथेमॅटिक्स, कोड 241, जे 2020 पासून अकरावीला आले. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. अप्लाइडमध्ये व्याज, कर्जाचे हप्ते, संख्याशास्त्र यांवर भर आहे आणि कॉमर्सच्या मुलांना ते खरोखर उपयोगाचे आहे. परंतु इंजिनिअरिंगच्या पात्रतेत 'गणित' म्हणजे 041 असेच धरून चालावे. सायन्सच्या मुलाला "गुण चांगले पडतात" म्हणून 241 घ्यायला लावणे म्हणजे वर सांगितलेले दुसरे दार आपल्या हाताने लावून घेणे. गणित सोडले असते तर निदान ते ठाऊक तरी असते. इथे मूल दोन वर्षे गणित शिकत आहे असेच घरच्यांना वाटत राहते.

याचे मूळ कधी कधी दहावीत असते. 2020 च्या बोर्डाच्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताचेही स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन प्रकार झाले. पुढे 041 घ्यायचे असेल त्याने स्टँडर्ड घ्यावे ही मूळ योजना. बोर्डाने नंतर त्यात सवलती दिल्या, पण सवलतीच्या भरवशावर बेसिक घेऊ नये. नववीतल्या मुलांच्या पालकांनी हे आताच नोंदवून ठेवावे.

ब्रिटिश शाळेतील मुलांची अडचण

आपल्यापैकी पुष्कळांची मुले ए लेव्हलच्या शाळांत आहेत. तिथे साधारण तीनच विषय घ्यायचे असतात, त्यामुळे चूक लवकर होते आणि महाग पडते. एक उदाहरण पूर्ण पाहू. मुलगी सोळा वर्षांची, डॉक्टर व्हायचे पक्के. शाळेतील मार्गदर्शकांनी बायोलॉजी, केमिस्ट्री आणि गणित सुचवले. इंग्लंडच्या दृष्टीने हा सल्ला अगदी बरोबर आहे. तिथली बरीच मेडिकल कॉलेजे केमिस्ट्री आणि बायोलॉजी मागतात आणि तिसऱ्या विषयाबाबत आग्रह धरत नाहीत.

आता हेच तीन विषय भारतात आणून पाहा. फिजिक्स नाही, म्हणून नीटची पात्रता नाही. फिजिक्स नाही, म्हणून इंजिनिअरिंग नाही, जरी गणित असले तरी. आर्किटेक्चर नाही, बी.फार्म.ही नाही. एका विषयाने चारही दारे बंद. आणखी एक मुद्दा : 2018 पासून परदेशात एम.बी.बी.एस. करून भारतात व्यवसाय करू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनाही नीट उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे. म्हणजे परदेशात शिकून परत येण्याचा बेत असला तरी फिजिक्सची गाठ पडतेच.

तिने गणिताऐवजी फिजिक्स घेतले तर मेडिकल आणि फार्मसी उघडी राहतात, फक्त गणितावरची दोन दारे जातात. इंग्लंडच्या बहुतेक मेडिकल कॉलेजांनाही चालते. ज्या मुलीचा मेडिकलचा निश्चय आहे तिच्यासाठी आम्हाला हाच पर्याय योग्य वाटतो. चारही विषय घेतले तर सर्वच उघडे, पण चार ए लेव्हलचा भार सर्वांना पेलत नाही. एखादा विषय एएस पातळीवर ठेवून भागेल असे धरू नये, पात्रतेत बारावीचा पूर्ण विषय लागतो. ए लेव्हलच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी सहसा नसते आणि नीटच्या नियमात ते आहे, याची चौकशीही शाळेकडे विषय ठरवतानाच करावी. भारतात प्रवेश घेताना या मुलांना असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संस्थेचे समकक्षता प्रमाणपत्रही लागते.

चारही विषय घ्यावेत का?

सीबीएसईत इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी असे बरोबर पाच विषय होतात. निर्णय झालेला नसेल आणि मुलाची दहावीची तयारी बरी असेल तर हा गट घ्यावा असे आम्ही सांगतो. पण गुणांकडे लक्ष हवे, कारण विषय असणे पुरेसे नाही, ठराविक टक्केही लागतात.

समजा बारावीला फिजिक्समध्ये 44, केमिस्ट्रीत 52, बायोलॉजीत 71 आणि गणितात 38 गुण पडले. मेडिकलसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी यांची बेरीज 167, म्हणजे 300 पैकी सुमारे 55.7 टक्के. खुल्या गटासाठी 50 टक्के लागतात, म्हणून पात्र. महाराष्ट्रातील इंजिनिअरिंगसाठी खुल्या गटाला 45 टक्के हवेत. फिजिक्स, गणित, केमिस्ट्रीची बेरीज 134, म्हणजे 44.67 टक्के, थोडक्यात हुकले. पण तिसरा विषय म्हणून बायोलॉजी धरली तर 153, म्हणजे 51 टक्के, आणि पात्रता मिळते. एनआयटींचा हिशेब वेगळा आहे. तिथे पाच विषयांत मिळून 75 टक्के किंवा बोर्डातील वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. ही अट 2020 ते 2022 या काळात स्थगित होती, 2023 पासून ती परत आली.

सहाव्या विषयाबद्दल थोडे. शारीरिक शिक्षणासारखा जादा विषय घेतलेला असेल आणि मूल गणितात नापास झाले, तर सीबीएसई त्या जागी सहावा विषय धरून बारावी उत्तीर्ण करू शकते. गुणपत्रिकेवर 'उत्तीर्ण' दिसते, घरी पेढे वाटले जातात. पण इंजिनिअरिंगच्या दृष्टीने गणितात नापास म्हणजे अपात्र. प्रॅक्टिकल असलेल्या विषयांत लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत स्वतंत्र 33 टक्के लागतात. फिजिक्सच्या 70 गुणांच्या पेपरात 23 हवेत, प्रॅक्टिकलचे 30 पैकी 29 मिळाले तरी.

राहिलेला विषय नंतर देता येतो का, असे विचारले जाते. नॅशनल मेडिकल कमिशनने नोव्हेंबर 2023 मध्ये बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेली बायोलॉजी नीटसाठी मान्य केली. त्यापूर्वी दोन वर्षे नियमित वर्गात शिकण्याची अट होती. त्यामुळे एक वाट उघडली हे खरे. पण बारावीनंतर एकच विषय देण्याबाबत बोर्डांचे स्वतःचे नियम असतात, ते बदलतात, आणि परदेशातून प्रॅक्टिकलची सोय करणे कटकटीचे असते. वर्ष मात्र नक्की जाते.

महाराष्ट्रातल्या राखीव जागा

मेडिकलच्या बाबतीत विषयांइतकाच शाळेचा पत्ता महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रातील एम.बी.बी.एस.च्या राज्य कोट्यातील जागांसाठी रहिवास दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील शाळेतून उत्तीर्ण असावी लागते, सरकारी नोकरांच्या मुलांसारखे थोडे अपवाद सोडून. काही कुटुंबे दहावी मस्कत किंवा दुबईत करून अकरावीला मुलाला पुण्यात आजीकडे पाठवतात, कोटा मिळेल या अपेक्षेने. दहावी इथली असल्यामुळे तो सहसा मिळत नाही. अशा मुलांना सरकारी कॉलेजांतील 15 टक्के अखिल भारतीय जागा, अभिमत विद्यापीठे आणि खासगी कॉलेजांतील एनआरआय कोटा एवढे पर्याय असतात, आणि त्यांच्या फीमध्ये फार मोठा फरक आहे. पुण्याला पाठवायचेच असेल तर ते नववीला, म्हणजे दहावीची परीक्षाही तिथूनच होईल अशा बेताने. इंजिनिअरिंगचे रहिवासाचे नियम वेगळे आहेत, ते सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावेत.